वर्गसमीकरणाच्या मुळांचा ताळा: बेरीज, गुणाकार आणि लपून राहिलेलं चिन्ह (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इंदूरात रामबाग, लोकमान्यनगर या भागांतली मुलं शिकवणीला येतात. घरी मराठी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी, आणि वहीत सगळ्यांची खिचडी. दहावीचं वर्गसमीकरण सुरू झालं की मुलांकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवली आहेत.

बेरीज आणि गुणाकाराचा ताळा म्हणजे नेमकं काय करायचं?

समीकरण `ax² + bx + c = 0` असं असेल आणि त्याची मुळे α, β असतील, तर

`α + β = −b/a`
`αβ = c/a`

उत्तर काढून झालं की आलेली दोन मुळे आधी एकमेकांत मिळवायची, मग गुणायची, आणि दोन्ही आकडे समीकरणातल्या सहगुणकांशी जुळतात का ते पाहायचं. बेरजेच्या सूत्रात उणे चिन्ह आहे आणि गुणाकाराच्या सूत्रात नाही, हे आत्ताच डोक्यात ठेवा. पुढची निम्मी गडबड तिथेच होते.

चिन्हाची चूक झाली तर उत्तर विचित्र दिसेलच की. ती लपते कशी?

नेहमी विचित्र दिसत नाही, हीच तर अडचण आहे. इंदूरच्या कुठल्याही नव्या कॉलनीत सापडेल असा एक प्लॉट घेऊ. क्षेत्रफळ 1500 चौरस फूट, लांबी रुंदीपेक्षा 20 फुटांनी जास्त, तर रुंदी किती?

रुंदी x मानली तर `x(x + 20) = 1500`, म्हणजे `x² + 20x − 1500 = 0`. मधलं पद तोडायचं: 50 आणि −30. अवयव पडले `(x + 50)(x − 30) = 0`. इथपर्यंत सगळं ठीक. आता मुलगा घाईत लिहितो, "x = 50 किंवा x = −30". रुंदी उणे असू शकत नाही म्हणून −30 वर काट मारतो आणि उत्तर देतो, रुंदी 50 फूट.

कुणी विचारलं की हे बरोबर आहे का, तर तो म्हणतो, "हो ना, 50 गुणिले 30 पंधराशेच होतात." होतातच! पण 50 ही लांबी आहे. रुंदी 30 आहे. रुंदी खरंच 50 असती तर लांबी 70 झाली असती आणि प्लॉट 3500 चौरस फुटांचा.

हा योगायोग नाही. `x(x + k) = क्षेत्रफळ` या साच्याच्या गणितात एक मूळ रुंदी असतं आणि दुसरं मूळ म्हणजे उणे लांबी. दोन्ही चिन्हं उलटली की रुंदीच्या जागी लांबी येऊन बसते. जो आकडा उणे आला म्हणून आपण खोडला तोच खरं उत्तर होता, आणि ज्या आकड्यामुळे शंका आली असती तो खोडल्यामुळे चूकही दिसेनाशी झाली.

ताळा घेऊन पाहा. मुळांची बेरीज `−b/a = −20` हवी. मुलाची बेरीज `50 + (−30) = 20`. चूक जागीच पकडली जाते. गुणाकार मात्र `50 × (−30) = −1500`, म्हणजे अगदी बरोबर. नुसता गुणाकार पाहणारा इथे फसतो. आणि ताळा उणे मूळ खोडण्याआधी घ्यायचा, नंतर नाही. एकच मूळ हातात उरलं की बेरीज कशाची करणार?

मधलं पद बरोबर तोडलं, अवयवही बरोबर, मग शेवटच्या पायरीला चिन्ह का चुकतं?

कारण एकाच गणितात आकड्यांच्या दोन जोड्या वावरत असतात आणि त्या सारख्याच दिसतात.

पहिली जोडी मधलं पद तोडण्याची. तिची बेरीज b असते आणि गुणाकार ac. वरच्या गणितात ही जोडी 50 आणि −30. दुसरी जोडी मुळांची. तिची बेरीज −b/a आणि गुणाकार c/a. इथे ती −50 आणि 30. a ची किंमत 1 असली की दोन्ही जोड्यांत आकडे तेच राहतात, फक्त चिन्हं उलटतात. मुलगा "बेरीज 20 हवी, गुणाकार −1500 हवा" असं पुटपुटत पाच मिनिटं पहिली जोडी शोधतो. ती सापडल्याचा आनंद इतका असतो की तीच उत्तर म्हणून लिहून मोकळा होतो.

a जर 1 नसेल तर फरक आणखी स्पष्ट दिसतो. `6x² + x − 12 = 0` घ्या. तोडायची जोडी 9 आणि −8 (बेरीज 1, गुणाकार −72). मुळे मिळतात ती प्रत्येकाचं चिन्ह बदलून 6 ने भागल्यावर: −9/6 म्हणजे −3/2, आणि 8/6 म्हणजे 4/3. तोडायची जोडी p, q असेल तर मुळे `−p/a` आणि `−q/a`, हे एकदा नीट समजलं की बेरजेच्या सूत्रातलं उणे कुठून आलं तेही कळतं. p आणि q ची बेरीज b, मग −p/a आणि −q/a ची बेरीज −b/a. गुणाकारात दोन उणे एकमेकांना खातात आणि उरतं `pq/a² = ac/a² = c/a`.

माझ्याकडे मुलांना अवयवांच्या खाली `x + 50 = 0` ही ओळ पूर्ण लिहायला लावतो. ती ओळ गाळली की चूक होते. ओळ लिहिणाऱ्याकडून सहसा होत नाही.

सूत्राने सोडवलं तर ही भानगड टळते ना?

अवयवांची भानगड टळते. त्या जागी दुसऱ्या दोन येतात. आमच्याकडे मुलं या सूत्राला श्रीधराचार्यांचं सूत्र म्हणतात:

`x = (−b ± √(b² − 4ac)) / 2a`

`2x² − 7x − 4 = 0` हे समीकरण घेऊ. a = 2, b = −7, c = −4. खरं उत्तर: `b² − 4ac = 49 + 32 = 81`, वर्गमूळ 9, म्हणून `x = (7 ± 9)/4`, मुळे 4 आणि −1/2. ताळा: बेरीज 7/2 हवी, आली. गुणाकार −2 हवा, आला.

आता पहिली चूक. b स्वतःच उणे आहे हे विसरून −b च्या जागी −7 लिहिलं. मग `x = (−7 ± 9)/4`, मुळे 1/2 आणि −4. गुणाकार −2, अगदी चोख. बेरीज −7/2, हवी होती +7/2. म्हणजे चूक बेरजेने पकडली, गुणाकाराला पत्ताच नाही.

दुसरी चूक. c उणे आहे हे विसरून `49 − 32 = 17` केलं. मग `x = (7 ± √17)/4`. बेरीज करा: √17 एकदा अधिक, एकदा उणे, उडून गेलं. उरलं 14/4 = 7/2. अगदी बरोबर! गुणाकार करा: `(49 − 17)/16 = 32/16 = 2`. हवा होता −2. या वेळी गुणाकाराने पकडलं आणि बेरीज आंधळी ठरली.

या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा. −b मधली चूक गुणाकाराला दिसत नाही, कारण दोन्ही मुळांची चिन्हं एकत्र उलटतात. वर्गमुळाच्या आतली चूक बेरजेला दिसत नाही, कारण ± चिन्हामुळे तो भाग बेरजेतून नाहीसा होतो. `4ac` चं चिन्ह चुकलं तर गुणाकार नेमका −c/a येतो, म्हणजे आकडा तोच आणि चिन्ह उलटं. हे कोणत्याही a, b, c साठी खरं आहे. `b² + 4ac` घेऊन वहीत करून पाहा, दोन ओळींचं काम आहे.

वेळ कमी असेल तर दोन्हीपैकी कोणता एक ताळा घ्यावा?

कोणताही एक पुरत नाही, ते वर पाहिलंच. आकडेमोड टाळायची असेल तर निदान चिन्हं तरी पाहा. a आणि c ची चिन्हं वेगळी असतील तर एक मूळ अधिक आणि एक उणे असायलाच हवं. चिन्हं सारखी असतील आणि मुळे वास्तव असतील, तर दोन्ही मुळे एकाच चिन्हाची. आणि a अधिक असताना, अंकाने मोठं असलेलं मूळ b च्या उलट चिन्हाचं असतं. प्लॉटच्या गणितात b = +20, म्हणून मोठा आकडा 50 उणे हवा. हे नजरेने होतं, पेन उचलावं लागत नाही.

उत्तर "वास्तव मुळे नाहीत" असं आलं. आता बेरीज-गुणाकार कशाचा करू?

मुळेच नाहीत तर हा ताळा चालत नाही, खरं आहे. पण चिन्हाची चूक इथेही लपू शकते. प्लॉटचंच समीकरण सूत्राने सोडवताना कुणी `400 − 6000` केलं तर आत −5600 येतं आणि तो शांतपणे लिहितो की वास्तव मुळे नाहीत. अशा वेळी a आणि c कडे पाहा. दोघांची चिन्हं वेगळी असतील तर −4ac ही अधिक संख्या असते, b² कधीच उणे नसतो, म्हणून आतली बेरीज उणे येणं शक्यच नाही. a = 1 आणि c = −1500 दिसत असताना "वास्तव मुळे नाहीत" हे उत्तर बघताक्षणी चुकीचं ठरतं.

दोन्ही ताळे जुळले, तरी उत्तर चुकलं. असं कसं?

याची तीन कारणं मला वारंवार दिसतात.

पहिलं आणि सगळ्यात मोठं: ताळा चुकीच्या समीकरणाशी घेतलेला असतो. प्रश्नात `x² = 5x + 6` आहे. मुलगी सगळी पदं डावीकडे आणते, 5x चं चिन्ह बदलते, 6 चं बदलायचं राहून जातं: `x² − 5x + 6 = 0`. मुळे 2 आणि 3. बेरीज 5, गुणाकार 6, दोन्ही तिच्या समीकरणाशी तंतोतंत जुळतात. ती निर्धास्त. पण मूळ प्रश्नाप्रमाणे समीकरण `x² − 5x − 6 = 0` हवं, गुणाकार −6 हवा, आणि मुळे 6 व −1. तिचा ताळा खोटा नव्हता, फक्त तिने स्वतःच्याच चुकीशी तो लावला. असंच `−x² + 5x + 6 = 0` ला −1 ने गुणताना शेवटचं पद तसंच राहिलं की होतं. म्हणून b/a आणि c/a वाचताना बोट छापील प्रश्नावर ठेवायचं, स्वतःच्या तिसऱ्या ओळीवर नाही. प्रश्नातल्या `x² = 5x + 6` मध्ये 5x आणि 6 उजवीकडे आहेत, तेव्हा मुळांची बेरीज थेट 5 आणि गुणाकार −6, हे तिथूनच वाचता येतं.

दुसरं कारण: बेरजेच्या सूत्रातलं उणेच विसरलेलं असतं. मुळांची चिन्हं उलटली आणि ताळ्यातही −b/a ऐवजी b/a घेतलं, तर दोन चुका मिळून हिशेब जुळतो. प्लॉटच्या गणितात 50 − 30 = 20, आणि समीकरणातही 20 दिसतोय! ज्याला हे उणे आठवत नाही त्याने सूत्र सोडून द्यावं आणि `(x − α)(x − β)` उघडून पाहावं. `(x − 50)(x + 30) = x² − 20x − 1500`. मधलं पद जुळत नाही, विषय संपला.

तिसरं: शाब्दिक उदाहरणातून समीकरणच चुकीचं मांडलं. "20 फुटांनी जास्त" च्या जागी "20 पट" वाचलं, तर ताळा काहीही करू शकत नाही. त्याचं काम समीकरणानंतर सुरू होतं.

x ची किंमत टाकून पाहणं सोपं नाही का?

मुळे छोटी पूर्णांक असतील तर खुशाल तेच करा. x = 50 टाकलं तर `2500 + 1000 − 1500 = 2000`, शून्य नाही, प्रकरण मिटलं. मीही 2, 3, 6 अशा मुळांना तेच करायला सांगतो, आणि तेही छापील प्रश्नात किंमत टाकून.

पण `(7 + √17)/4` चा वर्ग करा, दोनाने गुणा, त्यातून सातपट वजा करा... इतक्यात त्या आकडेमोडीतच नवी चूक होते, आणि मग कळत नाही की उत्तर चुकलं की ताळा. बेरीज-गुणाकारात करणी जवळजवळ आपोआप निघून जाते. मुळे `(m ± √n)/k` अशी असतील तर बेरीज `2m/k` आणि गुणाकार `(m² − n)/k²`. बस. अपूर्णांक असले तरी किंमत टाकण्यापेक्षा हे हलकं पडतं.

दोन्ही जुळले की मुळे नक्की बरोबर, याची खात्री काय?

`a(x − α)(x − β)` उघडलं की `ax² − a(α + β)x + aαβ` मिळतं. बेरीज −b/a आणि गुणाकार c/a असेल तर हे नेमकं `ax² + bx + c` होतं. मग α आणि β सोडून तिसरी किंमत त्याला शून्य करूच शकत नाही. म्हणजे प्रश्नातल्या समीकरणाशी दोन्ही जुळले की शंकेला जागा उरत नाही. किंमत टाकून पाहताना एकच मूळ तपासून थांबलो तर दुसरं चुकलेलं राहू शकतं, तसं इथे होत नाही.

ताळा जुळला नाही. आता सगळं गणित पुन्हा करू?

थांबा, आधी काय जुळलं नाही ते पाहा. बेरजेचं फक्त चिन्ह उलटं आणि गुणाकार बरोबर असेल तर दोन्ही मुळांची चिन्हं उलटली आहेत: एकतर अवयवांवरून मुळे लिहिताना, नाहीतर −b लिहिताना. बेरीज बरोबर आणि गुणाकार चुकीचा असेल तर वर्गमुळाच्या आत जा, त्यातही गुणाकाराचं फक्त चिन्ह उलटं असेल तर `4ac` पाहा. बेरीज दुप्पट आणि गुणाकार चौपट आला तर खाली 2a ऐवजी नुसता a लिहिला आहे. ही चिन्हाची चूक नाही, पण सोबत सापडते म्हणून सांगितली.

दोन्ही चुकले आणि यातलं काहीच बसत नसेल, तर मात्र पहिल्या ओळीपासून.

हे कुणी शोधून काढलं?

मुळे आणि सहगुणक यांच्यातल्या या संबंधाला फ्रान्सचा गणिती फ्रान्स्वा व्हिएत (1540 ते 1603) याचं नाव आहे. आपल्याकडच्या सूत्राची पद्धत श्रीधराचार्यांची. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज मिळत नाही, पण भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात त्यांचा नियम दिला आहे: दोन्ही बाजूंना 4a ने गुणायचं, मग दोन्ही बाजूंत b² मिळवायचा. तसं केलं की `(2ax + b)² = b² − 4ac` मिळतं.

परीक्षेत हा ताळा उत्तरपत्रिकेत लिहायचा का?

प्रश्नात "पडताळा करा" असं म्हटलं असेल तर लिहायचाच, पूर्ण. नसेल तर समासात दोन छोट्या ओळी पुरतात. त्यावर खाडाखोड मात्र नको.

अकरावीत संमिश्र मुळे आली की हे चालतं का?

चालतं. `x² − 4x + 13 = 0` ची मुळे `2 ± 3i`. बेरीज 4. गुणाकार `4 − 9i² = 4 + 9 = 13`. इथे नवी चूक वाट पाहत असते ती i² = −1 विसरण्याची. मग गुणाकार −5 येतो आणि मुलगा बरोबर असलेली मुळे खोडून टाकतो. ताळा जुळला नाही तर अकरावीत आधी ताळाच एकदा तपासा.

मी आजोबा आहे. गणित सुटून पन्नास वर्षं झाली. नातीची वही मला तपासता येईल का?

येईल की, आणि समीकरण सोडवता यायची गरजही नाही. समजा तिने `6x² + x − 12 = 0` ची मुळे 3/2 आणि −4/3 लिहिली आहेत. पुस्तकातल्या प्रश्नात तीन आकडे पाहा: 6, 1, −12. शेवटच्याला पहिल्याने भागा: −2. तिच्या उत्तरांचा गुणाकार: तीन चोक बारा, खाली दोन त्रिक सहा, चिन्ह उणे, म्हणजे −2. जुळलं. आता मधल्याचं चिन्ह बदलून पहिल्याने भागा: −1/6. तिची बेरीज: 9/6 वजा 8/6, म्हणजे +1/6. जुळलं नाही. तिला एवढंच म्हणा, "बेटा, आकडे बरोबर आहेत, दोन्ही चिन्हं उलटली आहेत." ती वही ओढून घेईल आणि `2x + 3 = 0` वरून x = 3/2 लिहिलेली ओळ शोधेल.